हिशेबाप्रमाणे बॉक्स बनवला, तरी बेस घुमतो: Fs, Vas आणि बॉक्सचं खरं घनफळ

तक्रार नेहमी एकाच धाटणीची असते. ड्रायव्हर चांगला निवडला, डेटाशीटमधले आकडे घेऊन बंद बॉक्सचा हिशेब केला, लाकूड नीट कापलं, सांधे घट्ट बसवले. आणि वाजवायला लावल्यावर बेस एकाच सुरात घुमतो. ढोलाचा ठोका असो की बेस गिटारची कुठलीही तार, सगळं एकाच उंचीवर "बुम्म" करतं. त्याच्या खालचे, खरे खोल सूर मात्र पातळ लागतात.

यावर पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. माणूस ड्रायव्हरचा Fs, म्हणजे मोकळ्या हवेतला रेझोनन्स, मोजतो. डेटाशीटवर ३० हर्ट्झ लिहिलेलं असतं आणि मोजल्यावर ३६ निघतात. लगेच निष्कर्ष ठरतो की डेटाशीट खोटं आहे, म्हणून बॉक्स चुकला. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा असतो आणि खरा दोष कसा शोधायचा, हे मी नुकत्याच तपासलेल्या एका बॉक्सच्या आकड्यांवरूनच सांगतो. मित्राने बनवलेला, आठ इंची वूफरचा, बंद प्रकारचा बॉक्स आहे.

आधी त्याचा मूळ हिशेब पाहू. डेटाशीटवर Fs ३० हर्ट्झ, Qts ०.३८ आणि Vas ७० लिटर होते. बंद बॉक्सची सूत्रं अशी:

```
a   = Vas / Vb
Fc  = Fs  * sqrt(1 + a)
Qtc = Qts * sqrt(1 + a)
```

Vb म्हणजे बॉक्समधल्या हवेचं घनफळ, Fc म्हणजे बॉक्समध्ये बसवल्यावरचा रेझोनन्स आणि Qtc म्हणजे त्या रेझोनन्सवर कोन किती आवरलेला राहतो याचं माप. Qts हे ड्रायव्हर मोकळ्या हवेत असतानाचं तेच माप. Qtc ०.७०७ असेल तर प्रतिसाद सपाट येऊन मग खाली उतरतो. त्याच्या वर गेला की उतरण्याआधी एक उंचवटा येतो, आणि तो मोठा झाला की आपल्याला "बुम्म" म्हणून ऐकू येतो. मित्राने ०.७०७ धरून गणित केलं. उत्तर आलं २८.४ लिटर आणि Fc सुमारे ५६ हर्ट्झ. गणितात चूक नव्हती. मी दोनदा करून पाहिलं.

सूत्र पाठ असणं वेगळं आणि Vas डोळ्यांसमोर दिसणं वेगळं, म्हणून इथे थोडं थांबतो. कोन दोन गोष्टींनी मागे खेचला जातो. एक म्हणजे त्याचं स्वतःचं सस्पेन्शन, म्हणजे स्पायडर आणि सराउंड. दुसरी म्हणजे बॉक्समध्ये कोंडलेली हवा. दोन्ही स्प्रिंगच आहेत आणि दोघी एकाच कोनला धरून असल्यामुळे त्यांचा कडकपणा सरळ बेरजेने वाढतो. Vas हे लिटरमध्ये लिहिलेलं सस्पेन्शनचं माप आहे. सस्पेन्शन जितकं कडक आहे तितकीच कडक हवेची स्प्रिंग हवी असेल, तर त्या कोनामागे जेवढी हवा कोंडावी लागेल तेवढे लिटर म्हणजे Vas. सस्पेन्शन मऊ असेल तर Vas मोठा येतो, कडक असेल तर लहान.

आता ७० लिटर Vas चा ड्रायव्हर २८ लिटरमध्ये बसवा. हवेची स्प्रिंग सस्पेन्शनच्या अडीच पट कडक झाली. सस्पेन्शनचा कडकपणा १ धरला तर एकूण झाला ३.५. रेझोनन्स कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो. ३.५ चं वर्गमूळ १.८७, म्हणून ३० हर्ट्झचे ५६ झाले. Qts सुद्धा त्याच पटीने वाढून ०.३८ चा ०.७१ झाला. सगळं सूत्र एवढंच आहे. कोंडलेल्या हवेलाच मुख्य स्प्रिंग बनवायची ही कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ साली बाजारात आणली. या साऱ्या मापांना आज वापरतो ते रूप पुढे नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९७२-७३ च्या कामातून मिळालं. म्हणूनच या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात.

तपासणीची सुरुवात ड्रायव्हर बॉक्समधून काढून होते. तो मोकळ्या हवेत, भिंतीपासून आणि टेबलापासून दूर, उभा धरून इम्पिडन्स मोजायचा. महागडं यंत्र लागत नाही. अॅम्प्लिफायरचं आउटपुट १००० ओहमच्या रेझिस्टरमधून ड्रायव्हरला द्या आणि ड्रायव्हरच्या दोन टर्मिनलांवरचा व्होल्टेज मोजा. रेझिस्टर मोठा असल्यामुळे करंट जवळपास स्थिर राहतो आणि मोजलेला व्होल्टेज इम्पिडन्सच्या प्रमाणात येतो. ड्रायव्हरच्या जागी आधी १० ओहमचा अचूक रेझिस्टर लावून किती मिलिव्होल्ट म्हणजे १० ओहम हे ठरवून घ्या. एक काळजी घ्या. साधे मल्टिमीटर ४०-५० हर्ट्झच्या खाली एसी व्होल्टेज नेहमीच बरोबर दाखवतात असं नाही, म्हणून १० ओहमवरचं वाचन २० हर्ट्झला आणि १०० हर्ट्झला सारखं येतं का ते पाहा. संगणकावर REW सारखा प्रोग्रॅम असेल तर साउंड कार्डवरून हेच मोजमाप दोन मिनिटांत होतं. पण हाताने केलेल्या मोजमापात काय चाललंय ते जास्त कळतं, असं माझं मत आहे.

डीसी रेझिस्टन्स, म्हणजे Re, मल्टिमीटरने घ्या आणि त्यातून तारांचा रेझिस्टन्स वजा करा. या ड्रायव्हरचा Re ५.६ ओहम निघाला. मग फ्रीक्वेन्सी हळूहळू फिरवत इम्पिडन्सचं शिखर शोधा. ते ३६ हर्ट्झवर मिळालं, उंची ६१.४ ओहम. हा झाला Fs. शिखराची उंची भागिले Re म्हणजे ११. त्याचं वर्गमूळ ३.३, गुणिले Re म्हणजे १८.५ ओहम. शिखराच्या दोन्ही बाजूंना इम्पिडन्स बरोबर १८.५ ओहम कुठे होतो ते शोधायचं. ते मिळालं २६ आणि ४९.८ हर्ट्झवर. या दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ परत ३६ च यायला हवं. येत नसेल तर मोजणीत कुठेतरी घोळ आहे, पुढे जाऊ नका.

```
r   = Zmax / Re
Qms = Fs * sqrt(r) / (f2 - f1)
Qes = Qms / (r - 1)
Qts = Qms / r
```

यातून Qms ५, Qes ०.५० आणि Qts ०.४५६ मिळाले. Qms मध्ये फक्त सस्पेन्शनच्या घर्षणाचा आवर धरतात, Qes मध्ये फक्त मॅग्नेट आणि कॉइलचा, आणि Qts मध्ये दोन्ही मिळून.

Vas साठी मी कोनवर वजन लावतो. डस्ट कॅपभोवती सारख्या अंतरावर चिकटवलेली मऊ चिकणमाती पुरते, फक्त ती वाजताना सुटता कामा नये. २० ग्रॅम लावल्यावर रेझोनन्स ३६ वरून २७.४ हर्ट्झवर आला. त्यावरून हलणाऱ्या भागाचं वस्तुमान २७.५ ग्रॅम, सस्पेन्शनचं कंप्लायन्स एका न्यूटनला ०.७१ मिलिमीटर आणि Vas ४८ लिटर.

```
Mms = M / ((Fs/Fs2)^2 - 1)
Cms = 1 / ((2*pi*Fs)^2 * Mms)
Vas = 140000 * Sd^2 * Cms
```

सगळं किलोग्रॅम, मीटर आणि न्यूटनमध्ये घालायचं, उत्तर घनमीटरमध्ये येतं. Fs2 म्हणजे वजन लावल्यानंतरचा रेझोनन्स, M म्हणजे लावलेलं वजन. Sd मोजताना कोनचा व्यास सराउंडच्या एका बाजूच्या मध्यापासून दुसऱ्या बाजूच्या मध्यापर्यंत घ्या. इथे तो १६.७ सेंटिमीटर होता. हा व्यास Vas मध्ये चौथ्या घातात जातो, म्हणून पाच मिलिमीटरची चूक झाली तर Vas १२ टक्क्यांनी फसतो. घाई करायची जागा ही नव्हे.

आता तुलना करा. Fs ३० ऐवजी ३६. Vas ७० ऐवजी ४८. Qts ०.३८ ऐवजी ०.४५६. तिन्ही आकडे बिघडलेले दिसतात, आणि इथेच लोक ड्रायव्हर परत करायला निघतात. पण हे तिन्ही आकडे वेगवेगळे बिघडलेले नाहीत. त्या सगळ्यांमागे एकच गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे सस्पेन्शनचा कडकपणा. हे ओळखायला दोन गुणोत्तरं पुरतात:

```
Fs^2 * Vas
Qts / Fs
```

पहिलं डेटाशीटवरून ९०० गुणिले ७०, म्हणजे ६३,००० येतं. मोजलेल्या आकड्यांवरून १२९६ गुणिले ४८, म्हणजे ६२,२०८. जवळपास तेच. दुसरं दोन्हीकडे ०.०१२७. योगायोग नाही हा. सस्पेन्शन कडक झालं की Fs चा वर्ग जेवढ्या पटीने वाढतो, तेवढ्याच पटीने Vas घटतो, म्हणून गुणाकार हलत नाही. तो फक्त हलणाऱ्या वस्तुमानावर आणि कोनच्या क्षेत्रफळावर ठरतो. तसंच Qts आणि Fs एकत्रच वर-खाली होतात. त्यांचं गुणोत्तर वस्तुमान, मॅग्नेटचा जोर, व्हॉइस कॉइलचा रेझिस्टन्स आणि सस्पेन्शनमधलं थोडं घर्षण यांवर ठरतं, कडकपणावर नाही.

आणि बॉक्सला यातल्या कशाने फरक पडतो? पुन्हा स्प्रिंगची बेरीज करा. डेटाशीटचं सस्पेन्शन १ धरलं, तर प्रत्यक्षातलं १.४६ आहे. २८ लिटर हवेचा कडकपणा २.५ च राहिला, कारण हवेला ड्रायव्हर नवा की जुना हे ठाऊक नसतं. ठरलेली बेरीज ३.५ होती, ती झाली ३.९६. वर्गमुळात फरक सहा टक्के. म्हणजे मोकळ्या हवेतला Fs वीस टक्के वर गेला, तरी बॉक्समधला Fc ५६ वरून ५९ एवढाच सरकला, आणि Qtc ०.७१ वरून ०.७५. हा फरक कुणाला ऐकूही येणार नाही.

म्हणूनच नव्या ड्रायव्हरचा Fs डेटाशीटपेक्षा वर आला की मी बिचकत नाही. नवं सस्पेन्शन कडकच असतं, काही तास वाजल्यावर सैल होतं. थंड खोलीत रबरी सराउंड आणखी कडक होतं. अगदी हळू आवाजात मोजला तर Fs वर येतो, जोरात मोजला तर खाली. कंप्लायन्स हा ड्रायव्हरच्या आकड्यांपैकी सर्वांत चंचल आकडा आहे, आणि सुदैवाने लहान बंद बॉक्समध्ये तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. मात्र वरची दोन गुणोत्तरं जुळली नाहीत, तर काळजी करावी. पहिलं जुळत नसेल तर एक तर तुमचं Sd चुकलंय किंवा कोनचं वस्तुमान बदललंय. दुरुस्तीत कोन बदललेल्या ड्रायव्हरमध्ये हे हमखास दिसतं. पहिलं जुळतंय पण दुसरं वाढलंय, तर मॅग्नेट अशक्त आहे, व्हॉइस कॉइल मूळची नाही किंवा मोजताना मध्ये कुठेतरी जास्तीचा रेझिस्टन्स आहे. अशा ड्रायव्हरसाठी जुना हिशेब फाडून नवाच करावा लागतो.

आमच्या बाबतीत दोन्ही जुळली. ड्रायव्हर निर्दोष. मग ०.७५ यायला हवा असताना बॉक्स घुमतो का?

दुसरी पायरी. ड्रायव्हर बॉक्समध्ये परत बसवा, स्क्रू घट्ट करा, क्रॉसओव्हर तात्पुरता काढून थेट ड्रायव्हरच्या टर्मिनलवर पुन्हा शिखर शोधा. या मोजणीचा मोठा फायदा असा की खोलीचा तिच्यावर जवळपास परिणाम होत नाही. कानाने ऐकलेला उंचवटा बॉक्सचा की खोलीच्या कोपऱ्याचा, हा वाद इथे मिटतो. बॉक्समधलं शिखर ठरल्या जागी असेल, तर दोष खोलीत किंवा स्पीकर ठेवण्याच्या जागेत आहे आणि बॉक्सला हात लावायची गरज नाही.

शिखर मिळालं ७१ हर्ट्झवर. यायला हवं होतं ५९.

आता तो न हलणारा गुणाकार पुन्हा कामी येतो. उलटं गणित केलं की ड्रायव्हर स्वतःच सांगतो की त्याच्या मागे किती हवा आहे:

```
Vb = Fs^2 * Vas / (Fc^2 - Fs^2)
```

६२,२०८ भागिले (५०४१ वजा १२९६), उत्तर १६.६ लिटर. बॉक्स २८ लिटरचा समजून बनवला होता, ड्रायव्हरला मात्र १६.६ लिटरच मिळत होते.

टेप घेऊन बसलो. बाहेरून २५ गुणिले ४० गुणिले २८ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर २८ लिटर. मित्राने बाहेरचं माप धरलं होतं. १८ मिलिमीटरच्या फळीने प्रत्येक दिशेने ३.६ सेंटिमीटर खाल्ले. आतलं माप निघालं २१.४ गुणिले ३६.४ गुणिले २४.४, म्हणजे १९ लिटर. मग ड्रायव्हरची मॅग्नेट आणि बास्केट साधारण १.२ लिटर, आडवी टेकू-पट्टी ०.८ आणि क्रॉसओव्हरची पाटी ०.३. राहिले १६.७ लिटर. ड्रायव्हरने सांगितलेला आकडा आणि टेपचा आकडा यांत शंभर मिलिलिटरचा फरक. इतकं जवळ नेहमी येत नाही. दहा टक्क्यांच्या आत आलं तरी मी समाधान मानतो. पण फळीची जाडी किती लिटर खाते याचा अंदाज लोकांना नसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बॉक्स जितका लहान तितका हा घास मोठा. इथे एकट्या फळीने नऊ लिटर नेले.

उलट्या गणिताचं उत्तर टेपशी अजिबात जुळत नसेल तर दोन शक्यता तपासा. उत्तर टेपपेक्षा बरंच मोठं आणि शिखर मोकळ्या हवेतल्यापेक्षा ठेंगणं असेल, तर बॉक्समधून हवा गळते आहे. २०-३० हर्ट्झचा शुद्ध सूर जरा जोरात देऊन सांध्यांजवळ, टर्मिनलच्या कपाजवळ आणि ड्रायव्हरच्या कडेला ओला हात फिरवा. फुंकर लगेच जाणवते. बॉक्समध्ये भरण असेल तरी उत्तर थोडं मोठं येतं, पण त्याबद्दल पुढे.

१६.७ लिटरमध्ये Qtc ०.९० येतो. तो घुमणाऱ्या आवाजाला पुरेसा नाही असं मला वाटलं, म्हणून क्रॉसओव्हर परत जोडून पाहिला. वूफरच्या वाटेत बारीक तारेची एक कॉइल होती, तिचा डीसी रेझिस्टन्स १ ओहम. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कोनला आवर घालणारा मुख्य ब्रेक मॅग्नेट आणि अॅम्प्लिफायर मिळून लावतात, आणि मधला प्रत्येक ओहम तो ब्रेक सैल करतो.

```
Qes' = Qes * (Re + Rg) / Re
```

Re ५.६ आणि Rg १ धरून Qes ०.५० चा ०.५९ होतो. Qms सोबत घेतला की Qts ०.४५६ चा ०.५३ होतो, आणि बॉक्समधला Qtc ०.९० चा १.०४. लांब बारीक स्पीकर केबल असेल तर तिचा जाता-येतानाचा रेझिस्टन्सही याच Rg मध्ये मिळवायचा.

या सगळ्याचा ऐकण्यावर काय परिणाम झाला ते पाहण्यासारखं आहे. नुसता F3, म्हणजे तीन डेसिबल खाली जाण्याची फ्रीक्वेन्सी, पाहिली तर ठरवलेल्या बॉक्सची ५६ हर्ट्झ होती आणि या बिघडलेल्या बॉक्सची ५५. कागदावर बॉक्स एक हर्ट्झने सुधारलाच म्हणायचा! पण ९७ हर्ट्झच्या आसपास दीड डेसिबलचा उंचवटा आला आहे. ठरवलेला बॉक्स तिथे अर्धा डेसिबल खाली होता, म्हणजे प्रत्यक्ष फरक दोन डेसिबलचा. आणि ३० हर्ट्झला ठरवलेला बॉक्स ११ डेसिबल खाली गेला असता, हा १४ डेसिबल खाली आहे. वरचा बेस दोनने चढला, खोल बेस तीनने उतरला. दोघांमधलं अंतर पाच डेसिबलनी वाढलं. "बुम्म" जास्त आणि खोली कमी, अशी तक्रार का येते ते या दोन आकड्यांत दिसतं. कोणी फक्त F3 सांगून बॉक्स चांगला असल्याचं म्हणत असेल, तर त्याला Qtc विचारा.

आता उपाय. मित्राला नवा बॉक्स लगेच बनवायचा नव्हता, म्हणून आधी आहे त्यातच काय होतं ते पाहिलं. कॉइल बदलून जाड तारेची, ०.२५ ओहमची घातली. तेवढ्याने Qts ०.५३ वरून ०.४७ वर आला. कॉइलचं मिलिहेन्री मूल्य तेच ठेवायचं, नाहीतर क्रॉसओव्हरची फ्रीक्वेन्सी सरकते. मग बॉक्समध्ये पॉलिएस्टरचं भरण भरलं, सैल, पण संपूर्ण पोकळीत. भरणामुळे हवा दाबली जाताना तापण्याऐवजी उष्णता धाग्यांना देते आणि स्प्रिंग थोडी मऊ पडते, जणू बॉक्स मोठा झाला. सिद्धांतात याची कमाल मर्यादा ४० टक्के आहे, प्रत्यक्षात १५ ते २० टक्के मिळाले तरी खूप. दाबून ठासून भरलं तर उलट हवेचीच जागा जाते. इथे १६.७ चे साधारण १९.५ लिटर झाले. Qtc ०.८८, उंचवटा दीड डेसिबलवरून ०.६ वर. घुमणं गेलं असं नाही म्हणणार, पण गिटारच्या तारा वेगळ्या ऐकू येऊ लागल्या.

काही दिवसांनी त्याने नवा बॉक्स बनवायचं ठरवलं. यावेळी हिशेब मोजलेल्या आकड्यांवर आणि कॉइल धरून केला. Qtc ०.७०७ हवा असेल तर ३९ लिटर लागतात. ०.८ चालणार असेल तर २६ लिटर. मी ०.८ सुचवलं. उंचवटा फक्त ०.२ डेसिबल येतो, Fc ६१ हर्ट्झ, आणि बॉक्स तेरा लिटरने लहान राहतो. ०.७०७ हा आकडा पवित्र मानायचं कारण नाही. कोपऱ्यात किंवा भिंतीला लागून ठेवायचा असेल तर खोली स्वतःच बेस वाढवते, तिथे ०.७ च्या खाली जायला हरकत नाही. पण हे २६ लिटर निव्वळ हवेचे आहेत. ड्रायव्हर, टेकू आणि क्रॉसओव्हरचे २.३ मिळवून आतलं घनफळ २८.३ लिटर हवं. तेवढं आतलं माप ठरवायचं आणि फळीची जाडी त्याच्या बाहेर धरायची.

हे सगळं बंद बॉक्सचं झालं. पोर्टवाल्या बॉक्समध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पोर्टचा सूर बॉक्सच्या घनफळावर आणि पोर्टच्या लांबी-रुंदीवर ठरतो, ड्रायव्हरवर नाही. इम्पिडन्सला एकाऐवजी दोन शिखरं येतात आणि त्यांच्या मधल्या दरीच्या जागी पोर्टचा सूर सापडतो. बाहेरचं माप धरून केलेला पोर्टचा बॉक्स ठरल्यापेक्षा वर सूर धरतो, कारण हवा कमी आणि पोर्टची लांबी तीच. दरी ठरल्या जागेपेक्षा वर असेल तर आधी पोर्ट कापायला धावू नका. कापल्याने सूर आणखी वर जाईल. लांबी वाढवायला हवी, आणि मुळात बॉक्सचं आतलं माप पुन्हा घ्यायला हवं.

नवा बॉक्स जोडल्यावर ड्रायव्हर बसवला आणि भरण घालण्याआधीच शिखर पाहिलं. ते आलं ६२ हर्ट्झवर. उलटं गणित केलं तर २४.४ लिटर. आत डोकावलो तर मित्राने कडा मजबूत व्हाव्यात म्हणून चारही कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या चिकटवल्या होत्या, सुमारे दीड लिटरच्या. त्या तशाच ठेवल्या. सैल भरणाने तेवढी भर सहज निघते.